"किती अंडी निघाली?" हा प्रश्न विचारणं थांबवा

ओव्हम पिकअप करून मी थिएटरच्या बाहेर आलो की नवरा, सासू, आई, कधी कधी शेजारीणसुद्धा उभी असते आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: "डॉक्टर, किती निघाली?" आठ म्हटलं तर चेहरे पडतात. अठरा म्हटलं तर कुणीतरी देवाला हात जोडतं. बावीस-चोवीस म्हटलं तर फोन काढून गावाकडे कळवलं जातं. यात तुमचा दोष कमी आहे आणि आम्हा डॉक्टरांचा जास्त. "अभिनंदन, चोवीस निघाली" असं आम्हीच हसत हसत सांगतो, कारण त्या दिवशी सांगण्यासारखं दुसरं काही हातात नसतं आणि मोठा आकडा ऐकून पेशंट खूश होऊन घरी जातो.

पीसीओएस असलेल्या किंवा एएमएच भरपूर असलेल्या तरुण बाईच्या बाबतीत चोवीस हा आकडा अभिनंदनाचा नाही. तो सावध होण्याचा आकडा आहे. आयव्हीएफमध्ये काय काय होतं हे मी इथे तिच्या एका सायकलवरून सांगणार आहे. ही सायकल माझ्याकडे झालेली नाही. ती बाई माझ्याकडे आली तेव्हा पोट ढोलासारखं फुगलेलं होतं, हातात दुसऱ्या केंद्राची फाईल होती आणि चार पायऱ्या चढूनही तिला धाप लागत होती.

वय २९, लग्नाला पाच वर्षं, पीसीओएस. एएमएच ८.६ होतं, सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांत मिळून तीस-बत्तीस छोटे फॉलिकल दिसत होते. फाईलच्या पहिल्याच पानावर हे सगळं नीट लिहिलेलं होतं. म्हणजे या बाईची अंडाशयं थोड्या औषधालाही जोरात प्रतिसाद देणार, हे पहिल्या दिवशीच माहीत होतं. तरीही पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून तिला एफएसएचचं ३०० युनिटचं इंजेक्शन रोज सुरू केलं होतं.

या इंजेक्शनचं काम समजून घ्या. दर महिन्याला अंडाशयातली बरीच स्त्रीबीजं वाढायला लागतात. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी एफएसएच सोडते, पण ते मोजकंच असतं. त्यामुळे एकच फॉलिकल पुढे जातो आणि बाकीचे त्याच महिन्यात वाळून जातात. आपण बाहेरून जास्त एफएसएच दिलं की वाळून जाणारेही वाढत राहतात. म्हणून "इंजेक्शनांनी माझी पुढची अंडी संपतील का?" ही भीती मनातून काढून टाका. त्या महिन्यात वाया जाणारी बीजंच आपण वाचवत असतो.

पण किती वाचवायची हे डोसवर ठरतं. एएमएच कमी असलेल्या बाईला ३०० युनिट दिलं तरी चार-पाचच फॉलिकल मिळतील, कारण त्या महिन्याच्या वर्गात हजरच तेवढे आहेत. डोस वाढवून गैरहजर विद्यार्थी वर्गात येत नाहीत. या बाईच्या वर्गात मात्र तीस जण हजर होते आणि मास्तरांनी सगळ्यांनाच पुढच्या इयत्तेत ढकललं. तिच्यासारख्या बाईला मी ११२ ते १५० युनिटवर सुरू केलं असतं आणि पाचव्या दिवशीची सोनोग्राफी बघून पुढचं ठरवलं असतं.

पाचव्या दिवसापासून तिला दुसरं एक इंजेक्शन सुरू झालं होतं, अँटॅगोनिस्ट. फॉलिकल वाढू लागले की शरीर स्वतःहून बीज बाहेर सोडायला बघतं. तसं झालं तर आपल्या हातात काहीच लागत नाही. ते थांबवण्यासाठी हे छोटं इंजेक्शन रोज पोटावर घ्यायचं असतं. फाईलमध्ये हे बघून मला जरा बरं वाटलं होतं, कारण अँटॅगोनिस्टवर असलेल्या बाईला वाचवण्याचा एक सोपा मार्ग शेवटपर्यंत उघडा असतो. तो का वापरला नाही, हेच माझं खरं भांडण आहे.

दहाव्या दिवशी बरेच फॉलिकल १८ मिलिमीटरच्या आसपास आले आणि ट्रिगर द्यायची वेळ झाली. तुमच्या सायकलमधलं हे सगळ्यात महत्त्वाचं इंजेक्शन, आणि त्याच्याबद्दल तुम्हाला सगळ्यात कमी सांगितलं जातं. "रात्री बरोबर साडेनऊला घ्या, पाच मिनिटंही इकडेतिकडे नको" एवढंच सांगतात. वेळेचा आग्रह योग्य आहे. ट्रिगरनंतर बीज शेवटची पक्वता गाठतं आणि फॉलिकलच्या भिंतीपासून सुटतं. त्याला ३५-३६ तास लागतात आणि पिकअपची वेळ त्यावरून मागे मोजून ठरवलेली असते. लवकर काढलं तर बीज कच्चं निघतं किंवा निघतच नाही. फार उशीर झाला तर ते आधीच सुटून गेलेलं असतं.

ट्रिगर कुठलं, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. ट्रिगर मुख्यतः दोन प्रकारचे असतात. जुना आणि सर्रास वापरला जाणारा म्हणजे एचसीजी. तो बीज छान पक्व करतो, पण शरीरात आठवडाभर रेंगाळतो. तेवढा काळ तो प्रत्येक फॉलिकलला ढोसत राहतो आणि त्यातून असं एक द्रव्य सुटतं की रक्तवाहिन्यांच्या भिंती गळक्या होतात. रक्तातलं पाणी पोटात आणि छातीत झिरपतं, आणि वाहिन्यांत उरलेलं रक्त घट्ट होतं. दहा फॉलिकल असतील तर बहुतेकींना हे पेलतं. तीस असतील तर ओएचएसएस नावाचा आजार होऊ शकतो आणि तो जिवावरही बेततो.

दुसरा प्रकार म्हणजे अ‍ॅगोनिस्ट ट्रिगर. तो तुमच्याच पिट्यूटरीला धक्का देऊन तिच्याकडचं एलएच बाहेर काढायला लावतो. बीज पक्व होतं आणि एक-दोन दिवसांत ते एलएच ओसरतं. फॉलिकलना पुढे ढोसायला कुणी उरत नाही, म्हणून गंभीर ओएचएसएसचा धोका खूपच कमी होतो. याला मर्यादा आहेत. आधी दोन-तीन आठवडे पिट्यूटरी झोपवून ठेवणारा लांब प्रोटोकॉल केला असेल तर हा ट्रिगर चालत नाही, कारण धक्का द्यायला जागं कुणी नसतं. ज्यांची पिट्यूटरीच मुळात कमजोर आहे त्यांच्यातही चालत नाही. आणि त्यानंतर गर्भाशयाला आधार देणारे हार्मोन इतक्या झटकन उतरतात की त्याच महिन्यात गर्भ सोडला तर तो रुजण्याची शक्यता घटते. म्हणून सगळे गर्भ गोठवायचे, पाळी येऊ द्यायची आणि नंतरच्या एखाद्या महिन्यात एक गर्भ सोडायचा.

तीस फॉलिकल असलेल्या आणि अँटॅगोनिस्टवर असलेल्या या बाईला १०,००० युनिट एचसीजी दिलं गेलं.

पिकअप व्यवस्थित झालं. भूल देऊन, योनिमार्गातून सोनोग्राफीच्या मदतीने सुई घालून एकेका फॉलिकलमधलं पाणी ओढून घेतात. वीस-पंचवीस मिनिटांचं काम आहे. चोवीस निघाली. नवऱ्याने मला नंतर सांगितलं की घरी पेढे आणले होते.

आता त्या चोवीसचं काय झालं ते बघा. लॅबमध्ये बाहेरच्या पेशी बाजूला करून तपासल्यावर १८ पक्व निघाली, बाकीची कच्ची. इक्सी करून प्रत्येक पक्व बीजात एकेक शुक्रजंतू सोडला. दुसऱ्या दिवशी १३ फलित झालेली दिसली. पाचव्या दिवसापर्यंत टिकून ब्लास्टोसिस्ट झाले ५. यात लॅबचं काही चुकलं नाही, ही गळती साधारण अशीच असते. पण तुमच्या घरी चोवीसचा आकडा पोचलेला असतो, पाचचा सांगायला कुणी फोन करत नाही. आणि पाचव्या दिवशी "फक्त पाचच?" म्हणून रडणाऱ्या बायका मी दर महिन्याला बघतो. पाच चांगले ब्लास्टोसिस्ट ही श्रीमंती आहे. पेढेच वाटायचे तर तेव्हा वाटायचे.

जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बेबी, १९७८ साली इंग्लंडमध्ये जन्मलेली लुईस ब्राऊन, वाढीच्या इंजेक्शनांशिवाय नैसर्गिक चक्रात मिळालेल्या एकाच स्त्रीबीजातून झाली. त्यानंतर दोन-सव्वादोन महिन्यांत कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नातून जन्मलेल्या मुलीच्या वेळी त्यांनी गर्भ ५३ दिवस गोठवून ठेवला आणि नंतरच्या चक्रात सोडला. चौकशी समितीने तेव्हा त्यांना खोटं ठरवलं, १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पुढे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी त्यांचे कागद वाचून त्यांचं श्रेय जाहीरपणे मान्य केलं. आनंद कुमार म्हणजे मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांबरोबर १९८६ सालच्या बाळामागे असलेले शास्त्रज्ञ. हे मुद्दाम सांगतो, कारण "गोठवणं म्हणजे काहीतरी नवीन फॅड, पैसे काढायचा धंदा" असं माझ्यासमोर बसून लोक म्हणतात.

फाईलकडे परत येतो. पिकअपच्या दिवशी तिचं पोट तट्ट होतं. पाचव्या दिवशी ते आणखी फुगलेलं होतं, दोन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलं होतं. त्या दिवशी सगळं थांबवून पाचही गर्भ गोठवायला हवे होते. त्याऐवजी दोन ब्लास्टोसिस्ट सोडले आणि तीन गोठवले.

हे इतकं वाईट का, ते सांगतो. गर्भ रुजला की तो स्वतः एचसीजी बनवू लागतो. म्हणजे ट्रिगरचं एचसीजी ओसरायच्या बेताला येतं आणि पाठोपाठ घरातूनच नवा पुरवठा सुरू होतो, तोही रोज वाढणारा. जुळं असेल तर आणखीच. पिकअपनंतर लगेच होणारा ओएचएसएस बहुतेकदा आठवडाभरात शांत होतो. गर्भधारणेमुळे पेटणारा लांबतो आणि जास्त गंभीर होतो. गर्भ सोडला नाही तर हा दुसरा प्रकार होणारच नाही.

ती माझ्याकडे आली ट्रान्सफरनंतर आठव्या दिवशी. वजन सात किलो वाढलेलं. दिवसभरात लघवी जेमतेम दोनदा, गडद रंगाची. हिमॅटोक्रिट ४८, म्हणजे रक्त चांगलंच घट्ट झालेलं. पोटात पाणी, उजव्या छातीतही थोडं. अकरा दिवस अ‍ॅडमिट होती. दोनदा सुई घालून पोटातलं पाणी काढावं लागलं. पायातल्या शिरांत गुठळी होऊ नये म्हणून रोज रक्त पातळ ठेवण्याचं इंजेक्शन होतं. त्यातच बीटा एचसीजीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. तिने माझा हात धरून विचारलं, "सर, आनंद करू का घाबरू?" मी काय सांगणार? तो रिपोर्ट वाचून सगळ्यात जास्त घाबरलो होतो तो मी.

गर्भ पुढे नवव्या आठवड्यात थांबला. त्याचं खापर मी ओएचएसएसवर फोडणार नाही. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ थांबण्याची कारणं बहुतेकदा गुणसूत्रांत असतात आणि इथलं कारण मला सिद्ध करता येणार नाही. पण ते अकरा दिवस टाळता आले असते, हे मी कुठेही उभं राहून सांगेन.

यावर माझे व्यवसायबंधू काय म्हणतात तेही सांगितलं पाहिजे. पहिला मुद्दा असा की जास्त बीजं मिळाली तर जास्त गर्भ गोठवता येतात आणि पुन्हा पिकअप करावं लागत नाही. हे खरं आहे. गोठवलेले सगळे गर्भ हिशोबात धरले तर एका पिकअपमधून मूल होण्याची एकूण शक्यता बीजांच्या आकड्याबरोबर वाढते. वयाने मोठ्या बाईत तर पाचऐवजी दहा बीजं मिळणं नक्कीच फायद्याचं. पण मग गोठवा ना! ताज्या गर्भाच्या बाबतीत चित्र वेगळं आहे. ब्रिटनमधल्या चार लाख सायकलींच्या २०११ सालच्या अभ्यासात मूल होण्याचं प्रमाण साधारण पंधरा बीजांपर्यंत वाढत गेलं, पंधरा ते वीसमध्ये सपाट राहिलं आणि त्यापुढे उतरलं.

दुसरा मुद्दा: ताजा गर्भ चांगला रुजतो. ज्यांचं प्रतिसादाचं प्रमाण साधारण आहे त्यांच्यात ताजं आणि गोठवलेलं जवळपास सारखंच ठरतं, त्यामुळे सरसकट प्रत्येकीचे गर्भ गोठवा असं मी म्हणत नाही. पण पीसीओएसच्या १५०८ बायकांवर चीनमध्ये झालेली चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तीत गोठवलेल्या गटात ४९.३ टक्के बायकांना मूल झालं, ताज्या गटात ४२ टक्के. ओएचएसएस गोठवलेल्या गटात १.३ टक्के आणि ताज्यात ७.१ टक्के. गोठवलेल्या गटात गरोदरपणातल्या बीपीचा त्रास, प्रीएक्लॅम्प्सिया, मात्र जास्त दिसला. म्हणून अशा गरोदर बाईचं बीपी जास्त काळजीने बघावं लागतं. हे न सांगता गोठवण्याची वकिली करणं म्हणजे मीही तेच केलं जे इतर करतात.

तिसरा मुद्दा कुणी उघड बोलत नाही, तो पॅकेजचा आहे. पॅकेजमध्ये "एक सायकल, ट्रान्सफरसह" असं लिहिलेलं असतं. गर्भ गोठवायचे म्हणजे गोठवण्याचे पैसे वेगळे, पुढच्या ट्रान्सफरचे वेगळे, आणि महिना-दोन महिने थांबायचं. पेशंट म्हणतो, एवढे पैसे भरले आणि आता ट्रान्सफरच नाही? डॉक्टरला वाटतं, हा आता दुसरीकडे जाणार. मग पोट फुगलेलं दिसत असूनही दोघं मिळून डोळे मिटतात. म्हणून पहिलं इंजेक्शन घेण्याआधी गोठवण्याचा आणि नंतरच्या ट्रान्सफरचा खर्च लेखी विचारून ठेवा. ट्रान्सफरच्या टेबलावर हा निर्णय पैशावरून व्हायला नको.

त्याच बैठकीत आणखी दोन गोष्टी विचारा. माझ्या एएमएचला आणि फॉलिकलच्या संख्येला बघून डोस किती ठरवलाय? आणि फॉलिकल वीसच्या वर गेले तर ट्रिगर कुठलं देणार? उत्तर देताना चिडणारा डॉक्टर असेल तर तुम्हाला उत्तर मिळालंच. आणि पिकअपनंतर घरी रोज सकाळी वजन करा. दिवसाला एक किलोच्या वर वाढत असेल, लघवी कमी झाली असेल, उलट्या थांबत नसतील, झोपल्यावर धाप लागत असेल किंवा एका पोटरीत दुखत असेल तर "गॅस झाला असेल" म्हणून ओवा खात बसू नका. त्याच दिवशी दाखवा, रात्र असली तरी.

आठ महिन्यांनी ती परत आली. तीन गर्भ गोठवलेले होतेच, त्यामुळे पुन्हा पिकअपची गरज नव्हती. इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी गर्भाशयाचं अस्तर तयार केलं. ते ९ मिलिमीटर झाल्यावर प्रोजेस्टेरॉन सुरू केलं आणि त्याच्या सहाव्या दिवशी ट्रान्सफर ठरवलं. नवऱ्याचा आग्रह होता की दोन सोडा, "एक गेला तर दुसरा तरी राहील." मी एकच सोडला. ब्लास्टोसिस्ट चांगला होता, वय तिशीचं होतं, आणि जुळ्यांची जोखीम, वेळेआधी बाळंतपण आणि काचेच्या पेटीतले आठवडे त्यांना समजावून सांगितल्यावर त्यांनीही ऐकलं. उरलेले दोन टाकीतच राहिले.

ट्रान्सफरला भूल लागत नाही. मूत्राशय भरलेलं ठेवून, पोटावरून सोनोग्राफी बघत, मऊ नळीने तो थेंब गर्भाशयाच्या आत सोडतात. पाच मिनिटं लागतात. झाल्यावर ती पाय जवळ घेऊन, श्वास रोखून तशीच पडून राहिली. खालच्या मजल्यावर सासूबाईंनी पंधरा दिवस झोपून राहण्याची खोली तयार ठेवली होती.

"सर, किती तास हलायचं नाही?"

"लघवी लागली असेल ना? उठा, जाऊन या. गर्भ पडत नाही, झोपून राहिल्याने जास्त रुजतो असंही नाही."

ती उठली, दोन पावलं सांभाळून टाकली, मग नेहमीसारखी चालत गेली. बारा दिवसांनी रक्ताचा रिपोर्ट आला. मुलगी आता दीड वर्षांची आहे. घरच्यांना चोवीस हा आकडा अजून पाठ आहे, पण पेढे या वेळी बाळाचे ठोके दिसल्यावर वाटले.